नोकरी शोधायला जर्मनीला जाताना: नाशिकच्या पदवीधरांसाठी शाँसेनकार्टेची वाट

कॉलेज रोडच्या माझ्या जर्मनच्या वर्गात दर बॅचला दोन-तीन मुलं अशी असतात, ज्यांना जर्मन शिकण्यात काडीचाही रस नसतो. त्यांना व्हिसा हवा असतो. पहिल्याच दिवशी प्रश्न येतो, "मॅडम, ए-वन झालं की जाता येतं ना?" ए-वन ही भाषेची पहिली पातळी, त्यापुढे ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत्या पातळ्या. ए-वनवर जाता येतं. पण गेल्यावर बाराव्या महिन्यात काय होणार, हे कुणी विचारत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. म्हणून हा लेख मी थोडा उलट्या बाजूने लिहिते आहे. नोकरीचं पत्र हातात आल्यावर काय लागेल ते प्रत्येक पायरीवर डोळ्यांसमोर ठेवून निघण्याची तयारी पाहू.

आधी दोन व्हिशांमधला गोंधळ मिटवते. 'वर्किंग हॉलिडे' म्हणजे तरुणांनी वर्षभर परदेशात राहावं, फिरावं आणि खर्च भागवायला कामही करावं, यासाठीचा व्हिसा. भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाने तो 2024 पासून सुरू केला. वय 18 ते 30, वर्षाला 1,000 जागा आणि निवड सोडतीने. सोडतीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. काम पूर्णवेळ करता येतं, पण साधारणपणे एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. ब्रिटनची भारतीय तरुण व्यावसायिकांसाठीची योजनाही याच जातीची आहे. ती दोन वर्षांची आहे, वय 18 ते 30, पदवी हवी, आणि खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस पडून असायला हवेत. तिथेही सोडतच. सोडतीत नाव जरूर घाला, पण त्या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका. चिठ्ठी निघाली तर निघाली.

'जॉब सीकर' व्हिसा वेगळा. इथे सोडत नाही. निकष पूर्ण केलेत आणि कागद चोख असले तर अर्ज पुढे सरकतो. जर्मनीने यासाठी 1 जून 2024 पासून शाँसेनकार्टे आणलं. इंग्रजीत त्याला ऑपॉर्च्युनिटी कार्ड म्हणतात आणि आपली मुलं नुसतं 'कार्ड' म्हणतात. जास्तीत जास्त एक वर्ष जर्मनीत राहून नोकरी शोधायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. ते नोकरीचं आश्वासन नाही, आणि पूर्णवेळ कामाचा परवाना तर मुळीच नाही.

पहिली पायरी: पदवी ॲनाबिनमध्ये पाहा

कार्डाकडे जायचे दोन रस्ते आहेत. तुमची पदवी जर्मनीत तिथल्या पदवीच्या तोडीची मानली जात असेल, तर तुम्ही 'फाखक्राफ्ट', म्हणजे पात्र कुशल कर्मचारी ठरता. मग गुण मोजायची गरजच नाही. पदवी भारतात मान्य आहे पण जर्मनीत पूर्ण तोडीची मानली जात नाही, किंवा तुमच्याकडे किमान दोन वर्षांचा सरकारमान्य व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, तर गुणांचा रस्ता. त्यात किमान सहा गुण हवेत.

बहुतेक एजंट थेट गुणांपासून सुरुवात करतात. मागच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला. सिडकोत राहणारा, पुणे विद्यापीठाचा मेकॅनिकलचा बी.ई., अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला. एका सल्लागाराने त्याला गुणांचा तक्ता रंगवून दिला होता, 'प्रोफाइल बिल्डिंग'चे पैसे वेगळे लावले होते आणि वर आयईएल्टीएस पुन्हा द्यायला सांगितलं होतं. आम्ही वर्गातच लॅपटॉप उघडला आणि anabin.kmk.org वर गेलो.

ॲनाबिन हा जर्मन सरकारी यंत्रणेचा परदेशी पदव्यांचा साठा आहे. पान जर्मनमध्ये आहे, दिसायला जुनाट आहे, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. तिथे दोन गोष्टी पाहायच्या. एक, संस्था. ती यादीत असून तिच्यापुढे `H+` लिहिलेलं हवं. इथे नाशिकची मुलं हमखास चुकतात, ती स्वतःच्या कॉलेजचं नाव शोधत बसतात. कॉलेज संलग्न असेल तर पदवी विद्यापीठाची असते, म्हणून विद्यापीठ शोधा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, तेव्हा जुन्या नावानेही शोधून बघा. दोन, पदवी. तुमच्या पदवीच्या नोंदीत `entspricht` किंवा `gleichwertig` असा शब्द हवा. पहिल्याचा अर्थ 'अनुरूप', दुसऱ्याचा 'समतुल्य'. दोन्ही चालतात. दोन्ही पानं पीडीएफ करून ठेवा, ती अर्जाला जोडायची असतात.

त्या मुलाच्या दोन्ही नोंदी सापडल्या. म्हणजे त्याला गुण लागतच नव्हते, आयईएल्टीएसची दुसरी फेरीही नव्हती.

संस्थेपुढे `H+/-` असेल, संस्थाच नसेल किंवा तुमची पदवी यादीत नसेल, तर जर्मनीच्या त्साब या कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावं लागतं. त्याची फी 208 युरो. अर्ज ऑनलाइन होतो, पण उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून हे काम भाषेच्या पहिल्या वर्गाबरोबरच सुरू करा. नवीन खासगी विद्यापीठांतून शिकलेल्यांनी तर याच पायरीवर थांबून आधी हे पत्र हातात घ्यावं. पदवीला तुल्यता नसेल तर नुसत्या गुणांवर कार्ड मिळेल, पण नोकरी लागल्यावर पुढचा परवाना घेताना हाच प्रश्न पुन्हा समोर येईल, आणि तेव्हा हातात वेळ नसेल.

एक सूचना डी.फार्म-बी.फार्म आणि नर्सिंगवाल्यांना. जर्मनीत हे नियंत्रित व्यवसाय आहेत, तिथे आधी व्यवसायाची परवानगी लागते. तुमची वाट वेगळी आहे, या लेखातली पदवीची पायरी तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाही. अभियंता म्हणून नोकरी करायला मात्र सहसा असा वेगळा परवाना लागत नाही.

गुण मोजायचेच असतील तर

गुणांच्या रस्त्याला आधी एक पायाभूत अट आहे: जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू. यातलं एक तरी नसेल तर गुण मोजण्यात अर्थ नाही. (पहिल्या रस्त्यावर भाषेची अशी लेखी अट नाही, पण त्यावर पुढे बोलते.)

त्या अंबडच्या मुलाचेच गुण आम्ही वर्गात गंमत म्हणून मोजले, कारण त्यातून खाचखळगे दिसतात. वय 35 पेक्षा कमी, 2 गुण. मेकॅनिकल अभियंता हा टंचाईचा व्यवसाय, 1 गुण. जर्मन ए-टू झालं होतं, त्याचा 1. बी-वन असतं तर 2, बी-टू असतं तर 3. इंग्रजीचा 1 गुण मिळतो, पण त्याला सी-वन लागतं. आयईएल्टीएसमध्ये त्याला 6.5 होते, ते बी-टूमध्ये येतात, म्हणून शून्य. आतापर्यंत चार झाले. राहिला अनुभव. गेल्या पाच वर्षांत पदवीशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव असेल तर 2 गुण, आणि सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर 3. त्याचे दोन वर्षांचे 2 धरले तर बरोबर सहा.

पण ती दोन वर्षं कुठून मोजायची? तो सप्टेंबर 2022 मध्ये लागला होता. पहिले सात महिने तो 'ट्रेनी' होता, स्टायपेंडवर. त्याची नेमणूक अभियंता म्हणून झाली ती एप्रिल 2023 पासून. शिकाऊ काळ अनुभव म्हणून धरतील की नाही यावर पैज लावण्यापेक्षा तो सोडून दिलेला बरा. म्हणजे दोन वर्षं पूर्ण होतात एप्रिल 2025 मध्ये. जानेवारीत अर्ज केला असता तर कागदावर 28 महिने दिसले असते आणि मोजताना कदाचित 21 निघाले असते. 21 महिन्यांना अर्धा गुण नसतो, शून्य असतो.

दुसरी अडचण आपल्या एमआयडीसीची खास. सातपूर-अंबडमधली कितीतरी मुलं काम मोठ्या कंपनीत करतात, पण पगार कंत्राटदाराच्या नावावर असतो. अनुभवपत्र कंपनी देत नाही आणि कंत्राटदार देतो ते चार ओळींचं, 'एक्झिक्युटिव्ह' म्हणून काम केले, वर्तणूक समाधानकारक. त्यातून पदवीशी संबंध कळत नाही. पत्रात हुद्दा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष काम लिहून घ्या. काम म्हणजे 'विविध कामे' नव्हे. सीएमएमवर मोजमाप, पीपीएपीची कागदपत्रं, पुरवठादारांची तपासणी असं, नेमकं. सोबत पीएफचं पासबुक, पगाराच्या पावत्या आणि फॉर्म 16 जोडा, म्हणजे तारखा एकमेकींशी जुळतात. आणि हे पत्र नोकरी सोडण्याआधी घ्या. सोडल्यावर एचआरचा फोन लागत नाही, हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको.

दुसरी पायरी: पैसा, आणि पैसा पाठवायची तारीख

जर्मनीला खात्री हवी असते की वर्षभर तुम्ही तिथल्या सरकारवर भार होणार नाही. त्यासाठी बहुतेक जण 'श्पेर्कोंटो', म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. 2025 पासून शाँसेनकार्टेसाठी महिन्याला 1,091 युरो दाखवावे लागतात, वर्षाचे झाले 13,092. विद्यार्थ्यांचा आकडा यापेक्षा कमी आहे, त्यामुळे शिकायला गेलेल्या मित्राने सांगितलेली रक्कम भरू नका. आकडा बदलतो, म्हणून अर्जाच्या आठवड्यात तो सरकारी पानावर पुन्हा पाहा.

हिशोबाच्या सोयीसाठी युरो 100 रुपयांना धरू. प्रत्यक्ष दर वेगळा असेल. रक्कम झाली 13 लाख 9 हजार 200. इथे बहुतेक घरांना एक धक्का बसतो. परदेशी पैसे पाठवताना एका माणसाने एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर जे पाठवलं, त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. शिक्षणाची सवलत इथे लागू नाही, कारण तुम्ही शिकायला जात नाही. म्हणजे 3 लाख 9 हजार 200 वर 61,840 रुपये वेगळे भरायचे. ते बुडत नाहीत, आयकर विवरणपत्र भरल्यावर जमा धरले जातात किंवा परत मिळतात, पण नेमके निघण्याच्या घाईत ते अडकून पडतात. यावर सरळ उपाय दोन आहेत. मर्यादा माणशी आहे, म्हणून दहा लाखांच्या वरची रक्कम वडिलांनी किंवा आईने आपल्या खात्यातून आपल्या पॅनवर पाठवायची. त्यासाठी तुमचं ब्लॉक्ड अकाउंट चालवणारी कंपनी दुसऱ्याच्या नावाने आलेले पैसे स्वीकारते का, ते आधी लेखी विचारून घ्या. नाहीतर अर्धे पैसे 31 मार्चच्या आधी आणि अर्धे 1 एप्रिलनंतर पाठवायचे. आमच्या त्या मुलाने पहिला उपाय केला.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याला 1,091 युरोच बाहेर येतात. घराची अनामत मात्र पहिल्याच आठवड्यात मागतात, आणि कायद्याने ती विजेपाण्याचा खर्च न धरता तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. खोली 400 युरोची असेल तर 1,200 अनामत आणि वर पहिलं भाडं. ते श्पेर्कोंटोतून निघणार नाहीत. माझ्या मते ब्लॉक्ड रकमेच्या वेगळे दोन ते अडीच हजार युरो हाताशी नसतील तर तारीख पुढे ढकला. द्राक्षाच्या हंगामाचे पैसे आले की पाठवतो, असं घरून सांगितलेलं मी ऐकलेलं आहे, आणि अवकाळीने तो हंगाम गेलेलाही पाहिलेला आहे.

तिसरी पायरी: भाषा

पहिल्या रस्त्यावर भाषेची अट नाही म्हणाले, पण हे वाक्य अर्धंच ऐकू नका. व्हिसा अधिकाऱ्याला अट नाही, तुम्हाला नोकरी देणाऱ्याला आहे. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावणाऱ्या जागा असतात. मेकॅनिकल, क्वालिटी, प्रॉडक्शनमध्ये शॉपफ्लोअरवरच्या माणसाशी बोलावं लागतं आणि तो जर्मनमध्ये बोलतो. ए-टूवर गेलेली मुलं तिथे पहिले पाच महिने भाषा शिकण्यातच घालवतात. म्हणजे वर्षातले पाच महिने, आणि तेही तिथलं भाडं भरून.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी-वनपर्यंत पोचायला 45 मिनिटांचे 350 ते 650 तास लागतात. नोकरी सांभाळून, आठवड्याला दहा तास धरले तर चाळीस आठवड्यांत बी-वनची दारं दिसू लागतात. म्हणून माझा सल्ला: बी-वनची परीक्षा देऊन मगच अर्ज करा. परीक्षेला पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जावं लागतं. तारखा लवकर भरतात, तेव्हा आधी जागा पकडा आणि मग सिन्नर-संगमनेरच्या रस्त्यावर पहाटे निघायची तयारी ठेवा. आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम केला तर आणखी बरं.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर, digital.diplo.de वर भरता येतो. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. आधी कागद ऑनलाइन चढवायचे, ते तपासले की बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला बोलावतात. फी 75 युरो, ती रुपयांत घेतात. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं.

कागद असे: पासपोर्ट, पदवी आणि गुणपत्रकं, ॲनाबिनची पानं किंवा त्साबचं पत्र, भाषेचं प्रमाणपत्र, अनुभवपत्रं, श्पेर्कोंटोचं पत्र, आरोग्यविमा, एका पानाचा बायोडेटा आणि नोकरी कशी शोधणार याचं पत्र. या शेवटच्या पत्राकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि नेटवरचं उचलून लावतात. त्यात जर्मनीची स्तुती नको. कोणत्या प्रकारच्या जागा, कोणत्या भागात, कोणत्या कंपन्यांना आधीच अर्ज केले आणि त्यांनी काय कळवलं, एवढं लिहा. आमच्या मुलाने स्टुटगार्टच्या आसपासच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या अकरा कंपन्यांची नावं आणि अर्जाच्या तारखा लिहिल्या होत्या. नाशिकमध्ये सातपूरला बॉशचा कारखाना असल्यामुळे त्या पुरवठा साखळीची भाषा त्याला येत होती, तीही त्याने एका परिच्छेदात मांडली.

विमा घेताना प्रवासविमा घेऊ नका. राष्ट्रीय व्हिशासाठी तिथे राहायला येणाऱ्यांचा, कार्डाच्या पूर्ण मुदतीचा विमा मागतात.

आणि प्रवेशाची तारीख विचार करून मागा. वर्ष व्हिशावरच्या तारखेपासून मोजलं जातं, तुम्ही विमानात बसल्यापासून नाही. डिसेंबरच्या मध्यावर पोचलात तर नाताळ ते नववर्ष कंपन्या बंद, कार्यालयं अर्धवट, आणि तुमचा पहिला महिना खोलीत बसून. निफाडची थंडी पाहिलेल्यालाही ती थंडी आवडणार नाही. फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबरची सुरुवात चांगली.

पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग', करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला तयार नसलेला घरमालक स्वस्तात खोली देत असेल तर ती खोली तुमच्या कामाची नाही, कारण नोंदणीशिवाय करक्रमांक येत नाही आणि तो नसेल तर पगारातून जास्त कर कापला जातो. सुट्टीसाठी दिल्या जाणाऱ्या खोल्यांमध्ये हे पत्र बहुधा मिळत नाही, बुकिंगच्या आधी विचारा.

कामाची मर्यादा: वीस तास आणि दोन आठवडे

कार्डावर दोन प्रकारचं काम चालतं. एक, आठवड्याला सरासरी 20 तासांपर्यंत कोणतीही अर्धवेळ नोकरी. ती तुमच्या शिक्षणाशी संबंधित असायची गरज नाही, बेकरी, गोदाम, हॉटेल काहीही. वीस तास सगळ्या नोकऱ्यांचे मिळून, प्रत्येकी नव्हे. दोन, 'प्रोबेआर्बाइट', म्हणजे चाचणीचं काम, एका मालकाकडे जास्तीत जास्त दोन आठवडे, तेही तुमच्या पात्रतेच्या कामासाठी. ते पूर्णवेळ असू शकतं. स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग चालत नाही, नाशिकच्या जुन्या ग्राहकासाठी रात्री ड्रॉइंग काढून देणंही त्यात आलं.

अर्धवेळ कामाचा हिशोब असा. 1 जानेवारी 2026 पासून जर्मनीतलं किमान वेतन ताशी 13.90 युरो आहे. वीस तासांचे 278, महिन्याचे साधारण 1,200. त्यातून सामाजिक विम्याची वर्गणी जाते. पगार 603 युरोच्या वर गेला की सहसा तुम्ही सरकारी आरोग्यविम्यात येता. मग तो नाशिकमधून घेतलेला खासगी विमा बंद करायचा, पण नवं सभासदपत्र हातात आल्यावरच. मधे एक दिवसही विम्याशिवाय काढू नका.

इतके पैसे येऊ लागले की एक मोह होतो. गोदामातला मुकादम म्हणतो, या आठवड्यात तीस कर, पुढच्यात दहा. सरासरी वीसच आहे खरी, पण करारपत्रात आणि पगाराच्या पावतीत ती तशीच दिसायला हवी. उरलेले तास रोखीने घेतले तर ते काळं काम ठरतं आणि पुढच्या परवान्याच्या वेळी अडकवतं. दुसरा मोह जास्त भला दिसणारा असतो. कंपनी म्हणते, तू आवडलास, पुढच्या सोमवारपासून ये. तुम्ही हो म्हणता. पण कार्डावर तुम्हाला पूर्णवेळ सुरुवात करता येत नाही. आधी परवाना बदलावा लागतो.

नोकरी मिळाली त्या दिवशी

इथे आपण पहिल्या पायरीकडे परत येतो. आमच्या मुलाला नवव्या महिन्यात एका मध्यम कंपनीत क्वालिटी अभियंत्याची जागा मिळाली. आता त्याच्यापुढे दोन परवाने होते. ब्लू कार्ड हा चांगल्या पगाराच्या पदवीधरांचा परवाना, त्यासाठी पगाराची किमान मर्यादा असते. 2026 साठी ती वर्षाला 50,700 युरो, आणि टंचाईच्या व्यवसायांसाठी सुमारे 45,934. त्याचा पगार 44,500 होता. म्हणजे ब्लू कार्ड हुकलं. पण पदवी तुल्य असलेल्या कुशल कर्मचाऱ्याचा साधा निवास परवाना असतो, त्याला 45 वर्षांखालच्यांसाठी अशी ठरीव रक्कम नाही. नोकरी पदवीच्या पातळीची आणि पगार तिथल्या माणसाला मिळतो तेवढा हवा. ॲनाबिनची ती दोन पानं इथे पुन्हा उपयोगी पडली. त्याच्याबरोबर गेलेला, पदवीला तुल्यता नसलेला दुसरा मुलगा याच टप्प्यावर त्साबच्या पत्राची वाट पाहत बसला.

कंपनीने एक फॉर्म भरून द्यायचा असतो, ज्यात कामाचं वर्णन, तास आणि पगार असतो. त्याचं जर्मन नाव इतकं लांब आहे की मी ते वर्गात शुद्धलेखनाला देते. तो फॉर्म, करारपत्र आणि पदवीचे कागद घेऊन स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करायचा. कार्डाची मुदत संपण्याआधी अर्ज पोचलाच पाहिजे. तसा तो पोचला तर निर्णय होईपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि तुम्ही कायदेशीरपणे थांबू शकता. पण त्या काळात जुन्याच अटी लागू राहतात, म्हणजे तेच वीस तास. करारपत्रातल्या सुरुवातीच्या तारखेपुढे 'परवाना मिळाल्यानंतर' असं एक वाक्य घालून घ्या. जर्मन कंपन्यांना ते नवीन नाही, त्या सहज घालतात.

नोकरीचं पत्र आहे पण कोणत्याच परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत, अशा वेळी पात्रतेच्या नोकरीच्या आधारावर कार्ड आणखी दोन वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद आहे. नोकरीच नसेल तर ती तरतूद तुमच्यासाठी नाही, आणि बाराव्या महिन्यात परत यावं लागतं.

त्याचा परवाना यायला सात आठवडे लागले. तोवर तो पहाटे बेकरीत पाव भाजत होता, आठवड्याला वीस तास, आणि मला व्हॉट्सॲपवर विचारत होता की 'ब्रेत्सेल'चं अनेकवचन काय.